ताळेबंदातील मूळ किंमत आणि रास्त मूल्य : अमेरिकेतील बचत व कर्ज संस्थांच्या अनुभवाच्या अनुषंगाने एक अभ्यास

प्रस्तावना

व्यवसायसंस्थेच्या ताळेबंदात मालमत्ता कोणत्या मूल्याला दाखवावी, हा लेखाशास्त्रातील जुना प्रश्न आहे. मालमत्ता ज्या किमतीला घेतली तीच किंमत, आवश्यक तो घसारा वजा करून, पुढे चालू ठेवावी असे एक मत आहे. ताळेबंदाच्या दिवशी ती मालमत्ता बाजारात विकली असता जी रक्कम हाती येईल ती दाखवावी, असे दुसरे मत आहे. पहिल्या पद्धतीला मूळ किमतीची अथवा ऐतिहासिक परिव्ययाची पद्धत म्हणतात, तर दुसरीला रास्त मूल्याची पद्धत म्हणतात. पाठ्यपुस्तकांत या दोन पद्धतींचे गुणदोष सामान्यतः दोन रकान्यांत मांडलेले असतात. मूळ किंमत पडताळून पाहता येते, परंतु ती कालबाह्य होते. रास्त मूल्य ताजे असते, परंतु ते अंदाजावर अवलंबून राहते. ही मांडणी चुकीची नाही, तथापि ती अपुरी आहे. कारण एकच मालमत्ता एका धारकाच्या ताळेबंदात मूळ किमतीला दाखवणे योग्य, तर दुसऱ्याच्या ताळेबंदात तीच गोष्ट फसवी ठरू शकते. हा फरक मालमत्तेच्या स्वरूपात नसून, ती धरून ठेवण्याची ताकद धारकाजवळ आहे की नाही यात असतो. अमेरिकेतील बचत व कर्ज संस्थांच्या १९८० च्या दशकातील इतिहासात ही बाब जितकी स्पष्टपणे दिसते तितकी क्वचितच अन्यत्र दिसत असेल. प्रस्तुत लेखात त्या इतिहासाचा आणि त्यातून निर्माण झालेल्या लेखा मानकाच्या पुढील वाटचालीचा विचार केला आहे.

मूळ किमतीच्या आग्रहाची पार्श्वभूमी

मूळ किंमत हीच काय ती विश्वसनीय, हा आग्रह अमेरिकेत प्रथमपासून होता असे नाही. १९२० च्या दशकात तेथील अनेक कंपन्या, विशेषतः वीज व अन्य सार्वजनिक सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या धारक कंपन्या, आपल्या मालमत्तेचे मूल्य मनाजोगते वाढवून दाखवत असत आणि त्या वाढीव मूल्याच्या आधारे भाग व रोखे विकत असत. १९२८ पासून या प्रकारांची विस्तृत चौकशी झाली. त्या चौकशीचे वकील रॉबर्ट हीली हे पुढे १९३४ मध्ये स्थापन झालेल्या रोखे व विनिमय आयोगाचे सदस्य झाले. वाढीव मूल्यांकनाने झालेले नुकसान त्यांनी जवळून पाहिले होते. त्यामुळे आयोगाकडे येणाऱ्या हिशेबपत्रकांत मालमत्तेचे ऊर्ध्वमूल्यांकन येऊ नये, असा त्यांचा कटाक्ष राहिला आणि पुढील कित्येक दशके आयोगाचे धोरण त्याच वाटेने गेले.

बँकांच्या बाबतीत मात्र मूळ किंमत आली ती नेमक्या उलट कारणाने. मंदीच्या काळात बँकांजवळील रोख्यांच्या किमती कोसळल्या होत्या. तपासनीस त्या किमती बाजारभावाने धरत, त्यामुळे ज्या बँकांचे रोखे मुदतीअखेर पूर्ण फेडले जाण्याची शक्यता होती त्या बँकांचेही भांडवल कागदावर नाहीसे होत असे. घाबरलेल्या बँका रोखे विकत आणि त्या विक्रीने भाव आणखी उतरत. यावर उपाय म्हणून १९३८ मध्ये संघराज्याच्या बँक नियामकांनी आपसांत एक समान करार केला आणि चांगल्या प्रतीचे रोखे बाजारभावाने न धरता पुस्तकी किमतीला धरावेत असे ठरवले. अर्थात कंपन्यांना मूल्य फुगवता येऊ नये म्हणून मूळ किंमत आली, तर बँकांना मूल्य उतरवावे लागू नये म्हणून तीच मूळ किंमत आली. एकाच नियमाचे हे दोन जनक पुढे कधी एकत्र नांदले नाहीत, हे येथे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

एका गहाण कर्जाचा हिशेब

बचत व कर्ज संस्थांचा व्यवसाय साधा होता. लोकांकडून अल्प मुदतीच्या बचत ठेवी घ्यायच्या आणि घर घेणाऱ्यांना तीस वर्षांच्या मुदतीची, स्थिर व्याजदराची गहाण कर्जे द्यायची. ठेवींवरील व्याजाला कायद्याने कमाल मर्यादा होती. त्यामुळे ठेवींचा खर्च आणि कर्जाचे उत्पन्न यांतील अंतर बराच काळ सुरक्षित राहिले. १९८० च्या सुमारास अशा सुमारे ४,००० संस्था होत्या.

ऑक्टोबर १९७९ मध्ये पॉल व्होल्कर यांच्या नेतृत्वाखाली फेडरल रिझर्व्हने महागाईविरुद्ध कठोर धोरण स्वीकारले आणि व्याजदर अभूतपूर्व पातळीवर गेले. ठेवीदार आपला पैसा काढून अधिक व्याज देणाऱ्या नाणेबाजार निधीत ठेवू लागले. मार्च १९८० च्या कायद्याने ठेवींवरील व्याजाची मर्यादा टप्प्याटप्प्याने उठवण्यास प्रारंभ झाला. तेव्हा संस्थांपुढे दोनच मार्ग राहिले : ठेवी जाऊ द्यायच्या किंवा त्यांना बाजाराच्या दराने व्याज द्यायचे. कर्जावरील व्याज मात्र जुन्याच दराने येत होते.

या स्थितीचे परिणाम एका काल्पनिक कर्जाच्या हिशेबावरून स्पष्ट होतील. समजा, एका संस्थेने १९७१ मध्ये ३०,००० डॉलरचे कर्ज साडेसात टक्के दराने तीस वर्षांसाठी दिले. त्याचा मासिक हप्ता सुमारे २१० डॉलर येतो. दहा वर्षे हप्ते नियमित आले, तर १९८१ मध्ये कर्जाची शिल्लक सुमारे २६,००० डॉलर राहते. मूळ किमतीच्या पद्धतीने ताळेबंदात हीच रक्कम दिसेल आणि ती पूर्णपणे खरी आहे. कर्जदार तेवढे देणे लागतो, तो हप्ते भरतो आहे, आणि कर्ज बुडण्याचे कोणतेही चिन्ह नाही.

आता हेच कर्ज १९८१ मध्ये दुसऱ्या कोणास विकायचे ठरवले तर काय होईल? त्या वर्षी नव्या गृहकर्जाचा दर सोळा टक्क्यांच्या पुढे होता. उदारपणे पंधरा टक्के दर धरला, तरी उरलेले २४० हप्ते आज विकत घेणारा त्यांसाठी सुमारे १५,९०० डॉलरच देईल. म्हणजे पुस्तकी शिल्लक आणि रास्त मूल्य यांत १०,१०० डॉलरचा फरक पडतो, जो शिलकेच्या जवळजवळ ३९ टक्के आहे. या कर्जामागे संस्थेचे स्वतःचे भांडवल पाच टक्के, म्हणजे १,३०० डॉलर, असेल असे धरू. रास्त मूल्याने मोजले तर हे भांडवल केवळ संपलेले नाही, तर त्याच्या कित्येक पट खड्डा पडलेला आहे.

येथे मूळ किमतीचा समर्थक असे म्हणेल की, हा तोटा केवळ कागदावरचा आहे. कर्ज विकायचेच नसेल तर तो सोसण्याचा प्रश्नच येत नाही. या म्हणण्याची परीक्षा करण्यासाठी कर्ज न विकता काय घडते ते पाहावे लागेल. त्या काळात संस्थांना ठेवींचा सरासरी खर्च अकरा टक्क्यांच्या आसपास येत होता. २६,००० डॉलरच्या कर्जावर साडेसात टक्के मिळणार आणि तेवढ्याच ठेवींवर अकरा टक्के द्यावे लागणार, म्हणजे वर्षाला सुमारे ९०० डॉलरची तूट. कचेरीचा खर्च धरला नाही तरी १,३०० डॉलरचे भांडवल दीड वर्षात संपते. तोटा नाहीसा झालेला नाही. रास्त मूल्याने जो एकदम दाखवला असता, तोच मूळ किमतीने हप्त्याहप्त्याने दाखवला. दोन पद्धतींमधील भेद येथे तोट्याच्या अस्तित्वाचा नसून तो कोणत्या वर्षी दिसावा याचा आहे.

प्रत्यक्षातही असेच घडले. १९८१ आणि १९८२ या दोन वर्षांत या संस्थांना एकूण सुमारे ९ अब्ज डॉलरचा तोटा झाला, आणि १९८२ च्या अखेरीस सर्व संस्थांचे मिळून मूर्त भांडवल त्यांच्या मालमत्तेच्या सुमारे अर्धा टक्का उरले. हे झाले पुस्तकी हिशेबाने. त्याच सुमारास गहाण कर्जे बाजारमूल्याने धरून अभ्यासकांनी जे अंदाज केले, त्यांत या व्यवसायातील तूट शंभर अब्ज डॉलर वा त्याहून अधिक निघत होती. हिशेबाच्या एका पुस्तकाप्रमाणे व्यवसाय आजारी होता. दुसऱ्याप्रमाणे तो केव्हाच मृत झाला होता.

नियामकांची हिशेबपद्धती

या संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या फेडरल गृहकर्ज बँक मंडळापुढे कठीण पेच होता. सर्व नादार संस्था बंद कराव्यात तर ठेवीदारांचे पैसे परत करण्यास विमा निधीत पुरेशी रक्कम नव्हती. तेव्हा मंडळाने मापनपट्टीच बदलली. संस्थांजवळ किमान भांडवल किती असावे ही मर्यादा पाच टक्क्यांवरून १९८० मध्ये चार आणि १९८२ मध्ये तीन टक्के करण्यात आली. कमी व्याजाची कर्जे तोट्यात विकल्यास तो तोटा त्या वर्षी न दाखवता कर्जाच्या उरलेल्या मुदतीवर पसरवण्याची मुभा देण्यात आली. सर्वमान्य लेखातत्त्वांना हे मंजूर नव्हते. नियामकाच्या स्वतःच्या लेखातत्त्वांना होते. अशा रीतीने विकलेल्या कर्जाचा तोटा ताळेबंदाच्या मालमत्तेच्या बाजूला एक ‘मालमत्ता’ म्हणून बसू लागला. विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत असे केले असते तर त्याला शून्य गुण मिळाले असते.

याहून उद्बोधक प्रकार विलीनीकरणाचा होता, कारण त्यात रास्त मूल्याचाच वापर वास्तव झाकण्यासाठी झाला. एका संस्थेने दुसरी विकत घेतली की खरेदी पद्धतीप्रमाणे विकत घेतलेल्या संस्थेची मालमत्ता रास्त मूल्याला नोंदवावी लागते. वरील उदाहरणातील कर्ज आता २६,००० ऐवजी १५,९०० डॉलरला नोंदले जाईल. परंतु त्या संस्थेच्या ठेवी पूर्ण २६,००० च्या देण्यासह स्वीकाराव्या लागतात. हा १०,१०० डॉलरचा फरक कोठे तरी बसवला पाहिजे. तो ‘ख्याती’ या नावाने मालमत्तेत बसवला गेला. ज्या संस्थेजवळ भांडवल उरले नव्हते आणि जिचे ठेवीदार निघून जात होते, तिची ख्याती नेमकी तिच्या तोट्याएवढी निघाली.

पुढचा भाग अधिक सूक्ष्म आहे. १५,९०० ला नोंदलेल्या कर्जातून हप्ते मात्र २६,००० च्या हिशेबाने येत राहणार. त्यामुळे १०,१०० डॉलरची सूट कर्जाच्या उरलेल्या वीस वर्षांत व्याजाच्या उत्पन्नात थोडी थोडी मिसळली जाते. दुसरीकडे ख्याती निर्लेखित करण्यासाठी चाळीस वर्षांपर्यंतची मुदत घेता येत होती. मंडळाने पूर्वी घातलेली दहा वर्षांची मर्यादा १९८२ मध्ये उठवली होती. वीस वर्षांत उत्पन्नाच्या बाजूला पूर्ण १०,१०० डॉलर येणार आणि खर्चाच्या बाजूला त्याच्या निम्मेच जाणार. उरलेले निम्मे, म्हणजे सुमारे ५,००० डॉलर, पहिल्या वीस वर्षांत नफा म्हणून दिसतील आणि नंतरच्या वीस वर्षांत त्यांची भरपाई करावी लागेल. दोन तोट्यातील संस्था एकत्र आणल्या की कागदावर नफ्यातील एक संस्था तयार होत असे, ते या रीतीने. वित्तीय लेखा मानक मंडळाने फेब्रुवारी १९८३ मध्ये मानक क्रमांक ७२ काढून या अंतरावर निर्बंध घातला, परंतु नियामकाच्या हिशेबात ख्यातीचे भांडवल चालूच राहिले. पुढे १९८९ च्या कायद्याने ते अमान्य केल्यावर संस्थांनी सरकारविरुद्ध दावे लावले आणि १९९६ मध्ये विन्स्टार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारने करारभंग केल्याचा निर्णय दिला.

मूळ किमतीने मिळालेल्या अवधीत काय झाले हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर एकेरी नाही. १९८२ नंतर व्याजदर उतरू लागले. गृहकर्जाचा दर १९८६ पर्यंत दहा टक्क्यांच्या आसपास आला. जुन्या कर्जांच्या मूल्यातील घट त्या प्रमाणात भरून निघाली आणि काही संस्था खरोखरच सावरल्या. १९८१ मध्ये सर्वांना बाजारमूल्याने मोजून बंद केले असते तर याही संस्था बंद पडल्या असत्या. मूळ किमतीच्या बाजूने बोलणाऱ्यांचा हा मुद्दा दुर्लक्षण्याजोगा नाही.

परंतु ज्या संस्थेचे भांडवल संपलेले आहे तिच्या चालकांचे वर्तन बदलते. गमावण्यासारखे स्वतःचे काही उरलेले नसते, ठेवी सरकारी विम्याने सुरक्षित असतात (१९८० च्या त्याच कायद्याने विम्याची मर्यादा ४०,००० वरून १,००,००० डॉलर केली होती), आणि मोठा धोका पत्करून नफा झाला तर तो आपला, तोटा झाला तर विमा निधीचा. १९८२ ते १९८५ या काळात या व्यवसायाची एकूण मालमत्ता ६८६ अब्ज डॉलरवरून एक हजार अब्जांच्या पुढे गेली. नवा पैसा टेक्साससारख्या राज्यांत व्यापारी बांधकामांत, मोकळ्या जमिनींत गेला आणि बराचसा बुडाला. १९८६ ते १९९५ या दशकात ३,२३४ संस्थांपैकी १,०४३ बंद झाल्या, आणि करदात्यांवर सुमारे १२४ अब्ज डॉलरचा बोजा पडला.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. हा बोजा मुख्यतः नंतरच्या बुडीत कर्जांचा होता, जुन्या गहाण कर्जांवरील व्याजाच्या तोट्याचा नव्हता. रास्त मूल्य लागू असते तर १९८१ चा तोटा दिसला असता, कारण गहाण कर्जांना बाजार होता. टेक्सासमधील अर्धवट बांधलेल्या इमारतीवरील कर्जाला असा बाजार नव्हता. तेथे रास्त मूल्य म्हणजे मूल्यमापकाचा अभिप्राय, आणि त्या काळी तो अभिप्राय कर्ज देणाऱ्याच्या इच्छेप्रमाणे मिळत असे. रास्त मूल्याच्या पुरस्कर्त्यांनी या इतिहासाचा दाखला देताना हा भेद सहसा केलेला नाही.

मानक क्रमांक ११५ : हेतू आणि क्षमता

सप्टेंबर १९९० मध्ये रोखे व विनिमय आयोगाचे अध्यक्ष रिचर्ड ब्रीडन यांनी सिनेटच्या बँकिंग समितीपुढे साक्ष देताना बँकांची गुंतवणूक बाजारमूल्याने दाखवली जावी, अशी भूमिका मांडली. १९३८ च्या करारानंतर अर्धशतकाने चाक उलटे फिरले होते. बँका आणि त्यांचे नियामक यांनी जोरदार विरोध केला. त्यांचा मुख्य युक्तिवाद सबळ होता : बँकेच्या मालमत्तेचे मूल्य व्याजदराबरोबर घटते, तेव्हा तिच्या स्वस्त आणि स्थिर ठेवींचे महत्त्वही वाढते, ताळेबंदाची एकच बाजू बाजाराने मोजली तर मिळणारे चित्र अर्धे असेल. मात्र ठेवींचे मूल्य काढायचे तर ठेवीदार किती काळ राहील याचा अंदाज करावा लागतो, आणि तो कोणालाच खात्रीने करता येत नव्हता.

मे १९९३ मध्ये आलेले मानक क्रमांक ११५ ही तडजोड होती. रोख्यांचे तीन वर्ग करण्यात आले. लगेच विकण्यासाठी घेतलेले रोखे रास्त मूल्याला दाखवायचे आणि फरक नफा-तोट्यात न्यायचा. विक्रीस उपलब्ध असलेले रोखेही रास्त मूल्याला, परंतु त्यांचा फरक नफ्याला न शिवता थेट भागधारकांच्या निधीत न्यायचा. मुदतीपर्यंत धरून ठेवावयाचे रोखे मात्र मूळ किमतीलाच राहणार, आणि त्यांचे रास्त मूल्य केवळ माहितीसाठी द्यायचे. या तिसऱ्या वर्गासाठी अट अशी की, संस्थेचा ते धरून ठेवण्याचा निश्चित हेतू असावा आणि तशी क्षमताही असावी. या वर्गातून सबळ कारणाविना काही रोखे विकल्यास उरलेल्या रोख्यांबाबतचा हेतूही खोटा समजला जाई आणि तेही बाजारमूल्याला आणावे लागत.

ही दुसरी तरतूद जुन्या गैरप्रकारावर उपाय होती. शुद्ध मूळ किमतीच्या पद्धतीत ज्या रोख्यांचा भाव चढला ते विकून नफा दाखवायचा आणि ज्यांचा उतरला ते मूळ किमतीला ठेवून द्यायचे, हे सहज शक्य होते. वर्षाचा नफा किती असावा हे अशा प्रकारे चालकांच्या हाती राही. परंतु मानकाची अंमलबजावणी ‘हेतू’वर अधिक झाली आणि ‘क्षमते’वर कमी. संचालक मंडळाचा ठराव हा हेतूचा लेखी पुरावा असतो, लेखापरीक्षकाला तो दाखवता येतो. क्षमता ठेवीदारांच्या मनावर अवलंबून असते. तिचा ठराव करता येत नाही.

२००८ आणि त्यानंतर

२००६ मधील मानक क्रमांक १५७ ने रास्त मूल्याची व्याख्या एकसारखी केली. बाजारातील सहभागींमधील सुव्यवस्थित व्यवहारात मालमत्ता विकून मिळणारी किंमत, अशी ती व्याख्या होती. बाजारभाव थेट उपलब्ध असेल तर पहिला स्तर, सारख्या वस्तूंच्या भावावरून काढला तर दुसरा, आणि संस्थेच्या स्वतःच्या गणिती नमुन्यावर विसंबला तर तिसरा, असे तीन स्तर ठरले. २००८ च्या संकटात गहाण कर्जांवर आधारित रोख्यांचे व्यवहारच थांबले, तेव्हा ‘सुव्यवस्थित व्यवहार’ कोठे शोधायचा हा प्रश्न उभा राहिला. घाईच्या विक्रीतील भाव घ्यावा तर १९३० च्या दशकातील भीती खरी ठरते. न घ्यावा तर संस्था आपल्याच नमुन्याला भाव म्हणू लागते. एप्रिल २००९ मध्ये मंडळाने राजकीय दबावाखाली निष्क्रिय बाजारातील मूल्यांकनाबाबत मुभा वाढवली. त्यापूर्वी डिसेंबर २००८ मध्ये रोखे व विनिमय आयोगाने काँग्रेसला दिलेल्या अहवालात मात्र त्या वर्षीच्या बँकांच्या अपयशात रास्त मूल्याचा विशेष वाटा दिसत नसल्याचे म्हटले होते. बुडालेल्या बँकांचा मोठा तोटा त्यांनी दिलेल्या कर्जांत होता, आणि कर्जे बहुतांशी मूळ किमतीवरच होती.

यानंतर मे २०१० मध्ये मंडळाने कर्जेही रास्त मूल्याला दाखवण्याचा प्रस्ताव मांडला. त्यावर सुमारे २,८०० पत्रे आली, बहुतेक विरोधाची, आणि २०११ च्या प्रारंभी मंडळाने माघार घेतली.

मार्च २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातील सिलिकॉन व्हॅली बँक बंद पडली, तेव्हा या इतिहासातील जवळजवळ प्रत्येक दुवा पुन्हा समोर आला. २०२० व २०२१ मध्ये या बँकेकडे नवउद्योगांच्या ठेवींचा ओघ आला आणि व्याजदर अत्यल्प असताना तिने तो पैसा मोठ्या प्रमाणावर दीर्घ मुदतीच्या सुरक्षित रोख्यांत गुंतवला. त्यांतील बहुतांश रोखे तिने ‘मुदतीपर्यंत धरून ठेवावयाचे’ या वर्गात ठेवले. २०२२ मध्ये फेडरल रिझर्व्हने व्याजदर झपाट्याने वाढवले. त्या वर्षअखेरच्या ताळेबंदात हे रोखे ९१.३ अब्ज डॉलरला दिसत होते आणि शेजारीच कंसात त्यांचे रास्त मूल्य छापले होते : ७६.२ अब्ज. फरक सुमारे १५ अब्जांचा, आणि बँकेचे एकूण भांडवल सुमारे १६ अब्ज. माहिती लपवलेली नव्हती. ती ताळेबंदाच्या दर्शनी पानावर होती, फक्त बेरजेत धरली जात नव्हती.

या बँकेचा हेतू खोटा होता असे म्हणण्यास आधार नाही. रोखे अमेरिकी सरकारच्या अथवा तिच्या संस्थांच्या हमीचे होते. ते मुदतीअखेर पूर्ण फेडले गेले असते. प्रश्न होता तो क्षमतेचा. बँकेच्या नव्वद टक्क्यांहून अधिक ठेवी विम्याच्या मर्यादेबाहेरच्या होत्या आणि ठेवीदार एकमेकांशी निकट संपर्क असलेले उद्योजक होते. ८ मार्च रोजी बँकेने विक्रीस उपलब्ध असलेले २१ अब्ज डॉलरचे रोखे विकून १.८ अब्जांचा तोटा झाल्याचे आणि नवे भांडवल उभारणार असल्याचे जाहीर केले. दुसऱ्या दिवशी ४२ अब्ज डॉलरच्या ठेवी काढल्या गेल्या. १० मार्चला बँक बंद झाली. मुदतीपर्यंत धरून ठेवावयाच्या रोख्यांना हात लावावा तर मानकाप्रमाणे संपूर्ण वर्ग बाजारमूल्याला आणावा लागला असता आणि भांडवल जवळजवळ पुसले गेले असते. न लावावा तर ठेवीदारांना द्यायला रोकड नव्हती. १९८१ च्या संस्थांचा तोटा वर्षानुवर्षे झिरपत गेला, कारण विमा असलेला ठेवीदार थांबत असे. येथे ठेवीदार थांबला नाही, त्यामुळे तोच तोटा दोन दिवसांत समोर आला.

भारतीय बँकांच्या संदर्भात

भारतातही गुंतवणुकीच्या मूल्यांकनाचा इतिहास याच वळणांनी गेलेला दिसतो. नरसिंहम समितीनंतर १९९२ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांच्या रोख्यांची ‘कायम’ आणि ‘चालू’ अशी विभागणी केली. प्रारंभी ७० टक्क्यांपर्यंत रोखे ‘कायम’ या वर्गात मूळ किमतीला ठेवण्यास परवानगी होती. २००० मध्ये अमेरिकी मानकाशी मिळतेजुळते तीन वर्ग आले आणि मुदतीपर्यंत धरून ठेवावयाच्या रोख्यांना सामान्यतः एकूण गुंतवणुकीच्या २५ टक्क्यांची मर्यादा घातली गेली. मात्र अमेरिकेत एक विक्री झाली तरी सारा वर्ग बाधित होत असे, तर आपल्याकडे संचालक मंडळाच्या संमतीने वर्षातून एकदा रोखे एका वर्गातून दुसऱ्यात हलवण्याची मुभा होती. २००४ मध्ये व्याजदर वर जाऊ लागले, सरकारी रोख्यांचे भाव उतरू लागले, आणि सप्टेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने वैधानिक रोखतेसाठीचे रोखे २५ टक्क्यांची मर्यादा ओलांडून या वर्गात नेण्याची सवलत दिली. १९३८ च्या अमेरिकी करारामागील आणि या सवलतीमागील विचार यांत फारसे अंतर नाही. भारतीय बँकांना कायद्यानेच सरकारी रोखे बाळगावे लागतात. जे विकण्याचे स्वातंत्र्यच मर्यादित आहे ते विक्रीच्या भावाने मोजणे कितपत योग्य, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. परंतु भाव उतरल्यानंतर वर्ग बदलणे म्हणजे हेतू भावाच्या मागून ठरवणे होय, हा आक्षेपही तितकाच खरा होता.

सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर झालेल्या आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या निर्देशांनी, प्रादेशिक ग्रामीण बँका वगळता व्यापारी बँकांसाठी, ही व्यवस्था बदलली. धरून ठेवावयाच्या रोख्यांवरील टक्केवारीची मर्यादा काढण्यात आली. त्याऐवजी, रिझर्व्ह बँकेच्या पूर्वपरवानगीविना वर्ग बदलता येणार नाही आणि या वर्गातून वर्षभरात प्रारंभीच्या शिलकेच्या पाच टक्क्यांहून अधिक विक्रीही करता येणार नाही, असे ठरले. हेतूची शिस्त यामुळे पूर्वीपेक्षा कडक झाली आहे. क्षमतेबाबत, म्हणजे ठेवीदार किती काळ थांबतील याबाबत, गुंतवणूक मूल्यांकनाच्या या निर्देशांत मोजमाप नाही. ते काम रोखतेच्या स्वतंत्र नियमांकडे सोपवलेले आहे, आणि ताळेबंद वाचणाऱ्याला ही दोन्ही कागदपत्रे शेजारी ठेवूनच वाचावी लागतात.